‘तुझे’ हा शब्द काढू नका

*मी एका तालुक्याच्या गावी मिशनच्या माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. मी ख्रिस्ती आहे. पुढच्या सोमवारी परिपाठात मला स्तोत्रसंहितेतली एक ओळ चार-पाच मिनिटांत समजावून सांगायची आहे. ओळ मुख्याध्यापकांनीच दिली आहे: ‘तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे व माझ्या मार्गावर प्रकाशासारखे आहे’ (119:105). समोर पाचवी ते दहावीची मुलं असतात. बहुतेक हिंदू, बरीच बौद्ध, काही मुस्लीम, दोन-तीन जैन घरांतली, ख्रिस्ती मोजकीच. माझ्या सहशिक्षिका म्हणतात, ‘देवाचं नाव काढ, पुस्तक म्हणजे दिवा असं बोल, कुणाला खटकणार नाही.’ आमचे पाळकसाहेब म्हणतात, ‘साक्ष द्यायची संधी आहे, दवडू नकोस.’ पहिलं केलं तर मला खोटं बोलल्यासारखं वाटतं. दुसरं केलं तर मुलांवर लादल्यासारखं. मी काय बोलू?*

*— एक शिक्षिका*

बाई,

तुमच्या सहशिक्षिका आणि पाळकसाहेब एकमेकांच्या विरुद्ध बोलताहेत असं वाटतं खरं, पण दोघांच्या मनात गृहीत एकच आहे. ते असं की परिपाठात ओळ सांगितली म्हणजे ती मुलांना पटली पाहिजे. सहशिक्षिकांना ती सगळ्यांना पटावी म्हणून तिच्यातला देव काढायचा आहे, आणि पाळकसाहेबांना ती पटावी म्हणून तो ठळक करायचा आहे. तुम्हीही ते गृहीत नकळत उचललंय, म्हणून दोन्हीकडून अडकल्यासारखं होतंय. पण मुख्याध्यापकांनी तुम्हाला ओळ समजावून सांगायला दिली आहे, आणि समजावण्याला पटण्याची गरज नसते.

हे तुम्ही रोज करता. नववीच्या वर्गात तुकारामांचा अभंग शिकवताना समोर मुस्लीम मुलगा बसलेला असतो. तू विठ्ठलाला मानतोस का, असं तुम्ही त्याला विचारत नाही. आणि त्याला बरं वाटावं म्हणून ‘विठ्ठल’ या शब्दाच्या जागी ‘ज्ञान’ही घालत नाही. तुम्ही सांगता की तुकोबा इथे विठ्ठलाशी बोलताहेत, असं असं म्हणताहेत, आणि हा शब्द त्यांनी इथे का ठेवला असेल ते बघू. मुलगा तो अभंग नीट समजून घेतो, परीक्षेत लिहितो, आणि संध्याकाळी आपल्या घरी आपल्या रीतीनं नमाज पढतो. सोमवारी हेच करायचं आहे, फक्त वर्गाऐवजी पटांगणात. तुम्ही मराठीच्या शिक्षिका आहात ही या कामात मोठी जमेची बाजू आहे. धर्मशिक्षणाच्या शिक्षकाला हे तुमच्यापेक्षा जड गेलं असतं.

म्हणून आधी ओळीकडे बघू. ती नीट कळली की काय बोलायचं याचा निम्मा प्रश्न सुटतो.

मूळ हिब्रूत ही ओळ अवघ्या पाच शब्दांची आहे. ‘नेर लरग्ली द्वारेखा, वओर लिनतीवाती.’ शब्दाला शब्द ठेवला तर: दिवा माझ्या पावलाला तुझं वचन, आणि उजेड माझ्या पायवाटेला. आपल्या प्रचलित भाषांतरात ‘दिव्यासारखे’ आहे. मुळात ‘सारखे’ नाही, सरळ दिवाच म्हटलंय. मराठी व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर कवीनं रूपक लिहिलं आणि भाषांतरात त्याची उपमा झाली. दुसरं म्हणजे ‘पावलांकरता’ हे अनेकवचन मुळात एकवचन आहे. एक पाऊल. हा फरक छोटा आहे, पण अर्थ तिथेच दडलाय, त्यावर पुढे येतो.

ओळ ज्या स्तोत्रातली आहे ते बायबलमधलं सगळ्यात लांब स्तोत्र. 176 ओळी. हिब्रू वर्णमालेत 22 अक्षरं, प्रत्येक अक्षराच्या वाट्याला आठ ओळी, आणि त्या आठही ओळींची सुरुवात त्याच अक्षरानं. तुमची ओळ ‘नून’ म्हणजे आपल्या ‘न’च्या कडव्यातली पहिली ओळ आहे, म्हणून ती ‘नेर’ या शब्दानं उघडते. हे मुलांना नक्की सांगा. ‘न’पासून सुरू होणाऱ्या आठ ओळी करून बघा म्हटलं की सहावीच्या मुलालाही कवीनं किती डोकं चालवलंय ते कळतं. आणि ‘नेर’चं अरबीतलं भावंड म्हणजे ‘नूर’. मिनार हा शब्दही त्याच घराण्यातला, मुळात दिव्याची, उजेडाची जागा. या दोन भाषा एकाच कुळातल्या आहेत. तुमच्या मुस्लीम मुलामुलींना ‘नूर’ घरातून माहीत असतो. तो शब्द ऐकला की त्यांची मान वर होईल. पण तिथे थांबा. त्यावरून ‘म्हणजे सगळं एकच आहे’ असं म्हणू नका. शब्दांचं नातं आहे, एवढंच सांगा.

आता दिवा. मुलांच्या डोक्यात दिवा म्हणजे एलईडी बल्ब किंवा मोबाईलची बॅटरी. कवीच्या डोक्यात काय होतं? त्या प्रदेशात उत्खननात सापडणारा दिवा म्हणजे तळहातावर मावेल अशी मातीची उथळ बशी असते. माती ओली असतानाच तिचा काठ एका बाजूनं चिमटून वात ठेवायला चोच केलेली असते. आत ऑलिव्हचं तेल, वात जवसाच्या झाडाच्या धाग्याची. म्हणजे आपल्या पणतीचं जवळचं नातलगच. असा दिवा हातात घेऊन अंधारात निघालात तर दिसतं किती? पुढचं पाऊल ठेवायची जागा आणि फार तर त्यापुढची. वारा असेल तर दुसरा हात ज्योतीपुढे धरावा लागतो. पंधरा हातांवरचं झाड दिसत नाही. पावलाला दिवा म्हणण्यात हे सगळं आहे, आणि म्हणून ते एकवचन मला मोलाचं वाटतं.

इथे एक सावधगिरी. काही प्रवचनांत तुम्हाला ऐकायला मिळेल की त्या काळी लोक पायाला छोटे दिवे बांधून चालत आणि कवी त्याबद्दलच बोलतोय. गोष्ट चटकदार आहे, पण ती घेऊ नका. तेलानं भरलेली उघडी बशी घोट्याला बांधून चार पावलं चालून बघा, तेल कुठे जाईल ते कळेल.

दुसरी सावधगिरी जरा महत्त्वाची. छोट्या दिव्याची कल्पना हाती लागली की बोलणारा तिच्यातच रमतो आणि ‘देव फक्त एक पाऊल दाखवतो’ असं ठोकून देतो. ओळीला दुसरा अर्धा भाग आहे. हिब्रू कवितेची चाल अशी की पहिल्या अर्ध्यात एक गोष्ट म्हणायची आणि दुसऱ्या अर्ध्यात तीच थोडी सरकवून, वाढवून परत म्हणायची. इथे दिव्याचा उजेड होतो आणि पावलाची पायवाट. पाऊल टाकत गेलं तर वाट उजळत जाते, असा तो प्रवास आहे. पहिला अर्धा सांगून दुसरा गाळला तर कवीवर अन्याय होतो.

आणि दिवा लागतो कशाला? याचं उत्तर पाच ओळी पुढे, 110व्या ओळीत आहे. दुष्टांनी माझ्यासाठी फास लावला आहे, असं कवी म्हणतो. त्याच्या आधीच्याच ओळीत तो म्हणतो, माझा जीव सतत माझ्या तळहातावर आहे. हिब्रूत अगदी हेच शब्द आहेत, आणि मराठीत आपण ‘जीव मुठीत धरून’ म्हणतो ते किती जवळचं आहे बघा. म्हणजे हा कवी देव्हाऱ्यापुढे शांत बसलेला माणूस नाही. तो रात्री निघालेला आहे, घाबरलेला आहे, आणि वाटेत जमिनीलगत फास आहेत. फास दूरवरच्या उजेडानं दिसत नाही, पावलाशी धरलेल्या दिव्यानं दिसतो. 105वी ओळ भिंतीवर टांगायचं सुभाषित होते ती या शेजारणींपासून तोडल्यामुळे. तुम्ही त्या दोन ओळी नुसत्या उल्लेखल्यात तरी मुलांना चित्र दिसेल.

आता ‘तुझे’. सहशिक्षिकांचा सल्ला नेमका या शब्दावर येऊन आदळतो. ‘पुस्तक म्हणजे दिवा’ म्हटलं की वाक्य गोड होतं, पण ते या कवीचं राहत नाही. कवी कुणाशी तरी बोलतोय. 176 ओळींत तो जवळजवळ सतत देवाला ‘तू’ म्हणतो. त्याचं म्हणणं असं की मला वाट दिसते ती माझ्या हुशारीनं नाही, तू जे सांगितलंस त्यानं. हा दावा मुलांनी मान्य करावा असं नाही, पण तो आहे हे त्यांच्यापासून लपवायचं कशाला? दहावीच्या मुलांना लगेच कळतं की बाईंनी काहीतरी गिळलं. शिवाय ‘वचन’ या शब्दाचाही घोळ होतो. मराठीत आपण वचन देतो आणि वचन मोडतो, त्यामुळे मुलं ‘तुझे वचन’ म्हणजे तू दिलेला शब्द, असं ऐकतात. इथे ‘दावार’ आहे, म्हणजे तू बोललेलं, तू सांगितलेलं. ज्यू वाचकाच्या मनात इथे तोरा येते, म्हणजे देवानं दिलेली शिकवण. ख्रिस्ती वाचक इथे पवित्र शास्त्र वाचतो. एका वाक्यात दोन्ही सांगून टाका.

ज्यूंचं नाव घ्यायला विसरू नका. मिशनच्या शाळेत स्तोत्रं म्हटली की ती ख्रिस्ती असंच मुलं धरून चालतात. ती आधी ज्यूंची आहेत. आणि ज्यू आपल्याला परके नाहीत. कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतकं मराठी बोलत आले. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथाला, घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. ही स्तोत्रं ज्यांची, त्यांनी आपल्याकडे दिव्यात घालायचं तेल गाळलं! मला हा योगायोग फार आवडतो. तुमच्या चार मिनिटांत बसला तर घ्या, ओढूनताणून नको.

एक चूक मात्र हमखास होते, ती टाळा. ‘दावीद राजानं म्हटलंय’ असं सुरू करू नका. 150 स्तोत्रांपैकी 73 स्तोत्रांवर हिब्रूत दाविदाचं नाव आहे. 119व्यावर कुणाचंच नाही.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. अशाच एका शाळेत, बऱ्याच वर्षांपूर्वी, याच ओळीवर मी परिपाठात बोललो होतो. तुमच्या सहशिक्षिकांचा मार्ग मी जरा सजवून घेतला होता. समईपासून सुरुवात केली, दिवाळी घेतली, चर्चमधली मेणबत्ती घेतली, ‘अत्त दीप भव’ घेतलं, आणि शेवटी म्हणालो की बघा, सगळे धर्म दिव्याबद्दल एकच गोष्ट सांगतात. टाळ्या पडल्या. मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा स्टाफरूमच्या दारात आला. म्हणाला, ‘सर, अत्त दीप भव म्हणजे स्वतःच दिवा व्हायचं ना? आणि तुमच्या ओळीत तर दिवा दुसऱ्याचा आहे.’

तो बरोबर होता. शरण जायचं ते स्वतःला, दुसऱ्या कुणाला नाही, हे बुद्धवचनात स्पष्ट आहे. (पालीतल्या ‘दीप’चा अर्थ दिवा की बेट, हा वाद अभ्यासकांत आहेच, तो बाजूला ठेवू.) स्तोत्रकार नेमकं उलट म्हणतो. माझ्याजवळ उजेड नाही, तो तुझ्याकडून येतो. सगळ्यांना खूश करायच्या नादात मी दोन्ही वचनांचं म्हणणं पुसून टाकलं होतं, आणि ते पंधरा वर्षांच्या मुलाला दिसलं. तेव्हापासून मी दुसऱ्या धर्मातलं वचन जोडीला घेणं सोडलं. घ्यायचंच तर फरक सांगण्यासाठी घ्यावं, आणि त्याला चार मिनिटं पुरत नाहीत.

पाळकसाहेबांच्या सल्ल्याबद्दल. ते तुमच्या भल्याचंच सांगताहेत, पण त्यांना एक गोष्ट जाणवलेली नसावी. चर्चमध्ये माणूस आपणहून येतो आणि नको वाटलं तर उठून जातो. परिपाठातून मूल उठून जाऊ शकत नाही. संविधानाच्या 28व्या कलमात तिसरं उपकलम आहे. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला त्याच्या, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय भाग पाडता येत नाही. एखाद्या ओळीचा अर्थ सांगणं म्हणजे उपासना नव्हे. पण ‘आता सगळ्यांनी डोळे मिटा आणि माझ्यामागे म्हणा’ असं म्हटलंत की रेघ ओलांडली. साक्ष द्यायची तर रविवार आहे, आणि तिथे ती मनापासून द्या.

म्हणजे मग तुम्ही ख्रिस्ती आहात हे लपवायचं का? मुळीच नाही. परिपाठ झाल्यावर एखादी मुलगी विचारेल, ‘बाई, तुम्हाला हे खरं वाटतं का?’ तेव्हा सरळ सांगा: हो, मला वाटतं, मी ख्रिस्ती आहे आणि ही ओळ माझ्या रोजच्या प्रार्थनेत असते. तिनं विचारलं म्हणून तुम्ही सांगितलं, एवढा फरक पुरेसा आहे. कुणी विचारेल, ‘आमच्यात असं काही आहे का?’ तर उत्तर देऊ नका. घरी आजीला विचारून ये आणि मला सांग, म्हणा. आजी जे सांगेल ते तुमच्या-माझ्या वाचनापेक्षा खरं असेल.

बोलताना वाक्यांच्या कर्त्यावर लक्ष ठेवा. ‘आपल्याला देवाचं वचन मार्ग दाखवतं’ या वाक्यात ‘आपल्याला’ म्हणताच तुम्ही सगळ्या पटांगणाला आपल्यात ओढलंत. ‘कवी म्हणतो, मला तुझं वचन मार्ग दाखवतं’ या वाक्यात देव तसाच आहे, वचन तसंच आहे, पण मूल मोकळं आहे. कागदावर लिहून झालं की लाल पेनानं प्रत्येक ‘आपण’ आणि ‘आपल्याला’ याखाली रेघ मारा आणि तो कोण ते तपासा. अंधारात आपल्याला दिसत नाही, हा ‘आपल्याला’ चालेल, कारण तो सगळ्यांचा आहे. देवाबद्दलचा चालणार नाही.

उदाहरणासाठी पणती पेटवून आणायचा मोह होईल. सकाळच्या उन्हात तिची ज्योत तिसऱ्या रांगेलाही दिसत नाही, आणि पेटवलेला दिवा हातात आला की परिपाठाची पूजा झाल्यासारखी वाटते. त्यापेक्षा मुलांच्या घरातला अंधार घ्या. तुमच्या भागात शेतीची वीज रात्रीच्या पाळीत येत असेल. रब्बीत बाप किंवा चुलता रात्री दोनला बॅटरी घेऊन पाणी द्यायला जातो हे निम्म्या मुलांनी पाहिलेलं असतं. तो बॅटरीचा झोत लांब आभाळात मारत नाही, पायाशी मारतो, कारण बांधावर साप असू शकतो. कवीचा फास आणि बांधावरचा साप, दोन्ही पायाशीच असतात. या उदाहरणाला कुठलाच धर्म नाही आणि समजायला एक क्षण लागतो.

मी बोललो असतो तर साधारण असं बोललो असतो. माईकवर सावकाश वाचलं तर चार मिनिटांच्या आत संपतं. तुमच्या बोलीत फिरवून घ्या.

> मुलांनो, आज मी तुम्हाला एका फार जुन्या कवितेतली एक ओळ सांगणार आहे. ही कविता हिब्रू भाषेतली आहे. ज्यू लोक ती प्रार्थना म्हणून म्हणतात, आणि ख्रिस्ती लोकही. कवितेवर कवीनं आपलं नाव घातलेलं नाही. ओळ अशी आहे: ‘तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे व माझ्या मार्गावर प्रकाशासारखे आहे.’
>
> हिब्रूत ही ओळ ‘न’पासून सुरू होते. पहिला शब्द ‘नेर’, म्हणजे दिवा. अरबीतला ‘नूर’ हा त्याचाच भाऊ. गंमत म्हणजे कवीनं पुढच्या सात ओळीही ‘न’पासूनच सुरू केल्या आहेत. आज घरी जाऊन तशा आठ ओळी करून बघा.
>
> त्या काळचा दिवा कसा होता? तळहाताएवढी मातीची बशी, तिला एका बाजूनं चिमटून केलेली चोच, आत तेल आणि वात. साधारण आपल्या पणतीसारखा. तो घेऊन रात्री पायवाटेनं निघालं तर किती दिसेल? एक पाऊल. फार तर दोन.
>
> तुमच्यापैकी कुणाच्या घरचे रात्री शेतात पाणी द्यायला जातात? ते बॅटरी कुठे मारतात, लांब की पायाशी? पायाशी. का, ते तुम्हाला माहीत आहे. या कवीलाही माहीत होतं. थोडं पुढे तो म्हणतो, माझ्या वाटेत फास लावून ठेवलेत. आणि म्हणतो, माझा जीव सतत माझ्या तळहातावर आहे. म्हणजे हा माणूस घाबरलेला आहे. तरी तो चालतोय.
>
> मग त्याचा दिवा कोणता? तो म्हणतो, ‘तुझे वचन’. ‘तुझे’ म्हणजे देवाचं. तो देवाशी बोलतोय. देवानं जे सांगितलं, त्याच्या उजेडात मी पाय टाकतो, असं त्याचं म्हणणं आहे. ज्यू माणूस ही ओळ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात तोरा असते. ख्रिस्ती माणसाच्या मनात बायबल असतं. तुमच्यापैकी काहींच्या घरी याबद्दल वेगळं मानत असतील. काहींच्या घरी देवाचं वचन अशी कल्पनाच नसेल. आज आपण कवी काय म्हणतो तेवढंच ऐकायला उभे आहोत.
>
> एक गोष्ट शेवटची. ओळीत आधी पाऊल येतं आणि मग वाट. आधी दिवा येतो आणि मग उजेड. कवीनं हे शब्द उलटे का ठेवले नसतील, याचा वर्गात जाता जाता विचार करा. ओळ एकदा परत वाचते.

आणि मग ओळ वाचून खाली उतरा. ‘तर मुलांनो, यावरून आपण काय शिकलो?’ हे वाक्य तुमच्या जिभेवर येईल. माझ्या आलं होतं, तीसेक वर्षं मराठी शिकवल्यावर ते आपोआपच येतं. गिळून टाका. ते वाक्य आलं की मुलांना पटण्या-न पटण्याची परीक्षा परत सुरू होते.

तुम्ही हे वाचून मराठीच्या तासासारखं झालं म्हणाल. होऊ द्या. तुमच्यासारख्याच अडचणीत असलेल्या इतरांनाही मी हेच सांगतो. एका बाईंना ‘मी आपली दृष्टी पर्वतांकडे लावतो’ ही ओळ दिली होती. त्या हिंदू होत्या आणि उलट्या बाजूनं घाबरल्या होत्या, की माझ्या तोंडी हे शोभेल का. त्यांनाही ‘कवी म्हणतो’नंच तारलं. शिवाय त्या ओळीत ‘मला साहाय्य कोठून येईल?’ असा प्रश्न आहे. इंग्रजीच्या एका जुन्या, फार वापरातल्या भाषांतरात तो प्रश्न पुसला गेला आणि साहाय्य पर्वतांकडूनच येतं असा अर्थ लोकांच्या मनात बसला. आपल्या मराठीत प्रश्नचिन्ह शाबूत आहे, आणि उत्तर पुढच्या ओळीत आहे. त्या बाई फक्त त्या प्रश्नचिन्हावर बोलल्या.

बोलणं जमलं की नाही हे शिक्षकांच्या शाबासकीवरून ठरवू नका, माझ्या टाळ्यांचं काय झालं ते सांगितलंच. मंगळवारी सातवीच्या वर्गात दोन मुलांना विचारा, एक ख्रिस्ती आणि एक बिगरख्रिस्ती: काल बाई काय म्हणाल्या? दोघांनी ‘कवी म्हणतो की…’ अशी सुरुवात केली तर काम झालं. ‘बाई म्हणाल्या, पुस्तक वाचावं’ असं उत्तर आलं तर देव गळाला. ‘बाई म्हणाल्या, येशूला मानावं’ असं आलं, तर तुमच्या कागदावर कुठेतरी एक ‘आपल्याला’ लाल रेघेतून सुटला आहे. तो शोधा.

सहशिक्षिकांना रविवारी संध्याकाळी हा मसुदा वाचून दाखवा. पाळकसाहेबांनाही दाखवा, पण सोमवार झाल्यावर.